पंचिंग मशीन बिघडलं आणि हजेरीत खाडा पडला: एचआरला दुरुस्ती अर्ज देण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये काम करतो. हजेरीचा रिपोर्ट काढायचा, शिफ्टचं रोस्टर लावायचं आणि महिनाअखेरीला पगारासाठी दिवस मोजून द्यायचे, हे माझं काम. पावसाळ्यात वीज जाते-येते, मशीन बंद पडतं आणि मग आमच्या खिडकीसमोर रांग लागते. त्या रांगेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. बहुतेक उत्तरं एकाच प्रकरणाच्या आधाराने दिली आहेत, कारण अशा दुरुस्तीत काय काय अडकतं ते त्या एका प्रकरणात सगळं दिसलं.

मी कामावर होतो, पंचही केलं, तरी रिपोर्टमध्ये गैरहजेरीचा "A" कसा?

आधी एक गोष्ट आठवून बघा. बोट ठेवल्यावर मशीन काय बोललं होतं? "थँक यू" म्हणालं असेल, तर तुमची नोंद मशीनच्या मेमरीत झालेली आहे. ती टाइम ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली नसेल किंवा चुकीच्या तारखेने पोचली असेल, पण ती आहे. "प्लीज ट्राय अगेन" एवढंच म्हणत राहिलं असेल आणि तुम्ही कंटाळून आत गेला असाल, तर नोंद कुठेच नाही.

अर्ज कसा लिहायचा ते यावर ठरतं. पहिल्या प्रकारात "मशीनमधला मूळ लॉग तपासा" अशी मागणी करायची. दुसऱ्या प्रकारात तपासायला लॉगच नाही, त्यामुळे तुम्ही कामावर होतात हे इतर कागदांवरून दाखवावं लागतं. बरेच जण दोन्ही प्रकारांत "मशीन बिघडल्यामुळे हजेरी लागली नाही, कृपया लावावी" असा एकच अर्ज देतात. त्या ओळीवरून शोधायचं काय ते एचआरला कळत नाही, आणि अर्ज फायलीत पडून राहतो.

"थँक यू" म्हणूनही नोंद हरवते कशी? नेमकं काय होतं?

दोन कारणं नेहमीची. पहिलं म्हणजे मशीनची नेटवर्कची वायर सुटलेली असते. मशीन पंच घेत राहतं, मेमरीत साठवत राहतं, फक्त सर्व्हरला पाठवत नाही. वायर जोडून लॉग पुन्हा डाउनलोड केला की सगळं परत येतं. यात फार डोकेदुखी नाही.

दुसरं कारण लवकर लक्षात येत नाही, आणि माणसांचं नुकसान त्यातच जास्त होतं. मशीनच्या आत घड्याळ चालू ठेवायला एक छोटा बटन सेल असतो. तो संपलेला असला आणि वीज जाऊन परत आली, की मशीन सुरू होतं पण घड्याळ मागे जातं. आमच्या मशीनचं घड्याळ थेट 1 जानेवारी 2000, रात्री बारा वाजले इथे गेलं होतं. बोट ओळखलं जातं, नाव दिसतं, "थँक यू" ऐकू येतं, फक्त नोंद 25 वर्षांपूर्वीच्या तारखेवर पडते. जून महिन्याचा रिपोर्ट काढताना सॉफ्टवेअर जूनच्याच नोंदी बघतं. जानेवारी 2000 कडे कोणी बघत नाही.

एखादं खरं उदाहरण आहे का?

जून 2025 मधलं आहे. आमच्या पॅकिंग विभागातल्या एका ताईंचं. दोन नंबर गेटवरच्या मशीनवर त्यांच्या विभागातले सगळे पंच करतात. शुक्रवारी, 13 जूनला रात्री जोराच्या पावसात वीज गेली, यूपीएसही बसला. वीज परत आली आणि रात्री 11:40 ला मशीन सुरू झालं. घड्याळ मागे गेलंय हे मंगळवारी दुपारी एका मुलाने स्क्रीनकडे बघितलं तेव्हा कळलं, आणि ते दुरुस्त केलं गेलं.

ताईंची पहिली शिफ्ट, सात ते साडेतीन. शनिवार, सोमवार आणि मंगळवार तिन्ही दिवस त्या कामावर होत्या. 7 जुलैला पगारपत्रक हातात आलं तर चार दिवस बिनपगारी. तीनाचे चार झाले ते असे: शनिवार आणि सोमवार दोन्हीकडे गैरहजेरी, म्हणून आमच्या नियमाप्रमाणे मधला रविवारही सॉफ्टवेअरने गैरहजर धरला. मंगळवारी आत येतानाचा पंच जुन्या तारखेवर गेला आणि बाहेर जातानाचा तेवढा बरोबर पडला. एकच पंच दिसला की आमच्याकडे तो दिवस खाडा लागतो.

त्यांचा महिन्याचा पगार 19,500 रुपये, आमच्याकडे तो 30 दिवसांवर भागला जातो, म्हणजे रोजचे 650. चार दिवसांचे 2,600 गेले. शिवाय पूर्ण हजेरीचा 500 रुपयांचा भत्ताही गेला. एकूण 3,100 रुपये.

मग ते सिद्ध कसं झालं?

त्यांनी अर्जात एक वाक्य लिहिलं होतं: "तिन्ही दिवस मशीनवर माझं नाव दिसलं व थँक यू असा आवाज आला." त्या वाक्यामुळे मी मशीनमधला मूळ लॉग पेनड्राइव्हवर काढला आणि त्यांचा नंबर शोधला. हे मिळालं:

```
1147  2000-01-01 07:12  IN
1147  2000-01-01 15:54  OUT
1147  2000-01-03 07:15  IN
1147  2000-01-03 15:56  OUT
1147  2000-01-04 07:10  IN
1147  2025-06-17 15:33  OUT
```

मशीन रात्री 11:40 ला शून्यापासून मोजायला लागलं. म्हणजे मध्यरात्रीच्या वीस मिनिटं आधी त्याचा "बारा" वाजला, आणि पुढे प्रत्येक वेळ खऱ्या वेळेपेक्षा वीस मिनिटं पुढे दिसत राहिली. 07:12 मधून वीस मिनिटं वजा केली की शनिवारची खरी वेळ निघते, 6:52. सोमवारी 6:55, मंगळवारी 6:50. तारखांचंही तसंच जुळतं: 1 तारीख शनिवार, 2 ला रविवारची सुट्टी म्हणून नोंद नाही, 3 सोमवार, 4 मंगळवार.

मग मी इलेक्ट्रिशियनची लॉगबुक मागवली. तिच्यात "लाइट आली 11:39" असं हाताने लिहिलेलं होतं. मशीन सुरू व्हायला मिनिटभर लागतं. गेटवरच्या वॉचमनच्या वहीतली त्यांची शनिवारची वेळ 6:50 होती. यानंतर कोणाला काही विचारायचं राहिलंच नाही. एचआरच्या मॅडमनी तिथेच सही केली.

एचआर म्हणतं, "त्या दिवसांची रजा टाका, पुढे बघू." टाकावी का?

टाकू नका. या पानावरचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. रजेचा अर्ज म्हणजे "मी त्या दिवशी आलो नव्हतो" असं तुमच्याच सहीने दिलेलं लेखी. नंतर मशीनचा लॉग सापडला तरी समोर तुमचाच कागद उभा राहतो. पगार वाचतो खरा, पण तुमच्या शिलकीतली हक्काची रजा जाते, म्हणजे कंपनीच्या मशीनच्या बिघाडाची किंमत तुम्ही मोजता.

त्या जूनमध्ये पॅकिंगमधल्या बऱ्याच जणांनी रजा टाकल्या होत्या. तसं सांगणारी सूचना माझ्याच टेबलावरून गेली होती, आणि ती चूक होती. ताईंचा लॉग सापडल्यावर आम्ही त्या सगळ्यांच्या रजा रद्द करून शिलकीत परत टाकल्या, पण त्यासाठी प्रत्येकाची पुन्हा सही घ्यावी लागली आणि दोन आठवडे गेले.

पोर्टलवर "रेग्युलरायझेशन" किंवा "मिस पंच" असा पर्याय असेल तर तो वापरायला हरकत नाही, तो रजेपेक्षा वेगळा असतो. फक्त कारण निवडताना "विसरलो" याच्यावर टिक करू नका. बऱ्याच कंपन्यांत महिन्याला ठरावीक वेळाच विसरण्याची सवलत असते, आणि मशीनच्या बिघाडात ती संपवायचं काही कारण नाही. "मशीन बिघाड" हा पर्याय नसेल तर "इतर" निवडून तसं लिहा.

अर्जात नेमकं काय लिहायचं?

ताईंचा अर्ज थोडा नीटनेटका करून देतो. तुमच्या तारखा आणि नंबर घालून वापरा.

प्रति,
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग,
(कंपनीचे नाव), रबाळे, नवी मुंबई.

विषय: गेट क्र. 2 वरील पंचिंग मशीनच्या बिघाडामुळे 14, 16 व 17 जून 2025 रोजी लागलेली चुकीची गैरहजेरी दुरुस्त करण्याबाबत.

महोदया,

मी पॅकिंग विभागात पहिल्या शिफ्टमध्ये काम करते. माझा कर्मचारी क्रमांक 1147 आहे. 14, 16 व 17 जून रोजी मी पूर्ण वेळ कामावर हजर होते. तिन्ही दिवस येताना व जाताना गेट क्र. 2 वरील मशीनवर मी पंच केले, स्क्रीनवर माझे नाव दिसले व थँक यू असा आवाज आला. 13 जूनच्या रात्री वीज गेल्यानंतर या मशीनची तारीख व वेळ चुकीची दिसत होती व ती 17 जून रोजी दुपारी दुरुस्त करण्यात आली.

जूनच्या पगारपत्रकात 14 ते 17 जून असे चार दिवस बिनपगारी दाखवले असून रविवार 15 जूनची साप्ताहिक सुट्टीही कापली आहे. हजेरी भत्ताही मिळालेला नाही.

कृपया मशीनमधील मूळ लॉग, चुकीच्या तारखेच्या नोंदींसह, तपासावा व तपास होईपर्यंत तो पुसू नये. गेट रजिस्टर व पॅकिंगचे रोजचे उत्पादन पत्रक पडताळून तिन्ही दिवस हजर, 15 जून साप्ताहिक सुट्टी, असे दुरुस्त करावे. कापलेले वेतन व हजेरी भत्ता पुढील पगारात द्यावा आणि या दिवसांसाठी माझ्या खात्यातून कोणतीही रजा वजा करू नये.

सोबत: जूनचे पगारपत्रक, हजेरी रिपोर्ट, तीन दिवसांच्या उत्पादन पत्रकाच्या प्रती.

आपली विश्वासू,
(नाव, सही, दिनांक)

सुपरवायझरचा शेरा: वरील दिवशी हजर होत्या. (सही)

यात "तो पुसू नये" हे वाक्य मुद्दाम आहे. मेमरी भरत आली की मशीनचा मेकॅनिक येऊन लॉग "क्लिअर" करतो, आणि काही ठिकाणी डाउनलोड झाला की तो आपोआप पुसला जातो. एकदा गेला की गेला. सीसीटीव्हीचंही तसंच, जुन्या रेकॉर्डिंगवर काही आठवड्यांत नवं चढतं. म्हणून अर्ज देण्याआधीच, बिघाड लक्षात आला त्या दिवशी, दोन ओळींचा ईमेल टाकलात तर फार उपयोग होतो.

मशीनने बोटच घेतलं नाही. माझ्याकडे लॉग नाही. आता?

मग वेळ लिहिलेला आणि दुसऱ्याच्या हातातला कागद शोधा. गेटवरची वही सगळ्यांत भक्कम, कारण ती वॉचमन लिहितो आणि तुमच्या आधी-नंतर आलेल्यांची नावंही तिच्यात ओळीने असतात. त्याखालोखाल तुमची सही असलेलं उत्पादन पत्रक, कंपनी बसच्या ड्रायव्हरची यादी, कॅन्टीनच्या कुपनाची नोंद. ऑफिसचं काम असेल तर कॉम्प्युटरवर लॉगइन केल्याची वेळ आणि त्या दिवशी पाठवलेले ईमेल. ट्रान्स-हार्बरचा रेल्वे पास किंवा ऐरोली स्टेशनबाहेर चहाचे दिलेले यूपीआयचे पैसे लोक हौसेने जोडतात, पण त्यातून तुम्ही त्या बाजूला आला होतात एवढंच दिसतं, आत कामाला होतात हे दिसत नाही.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लावा. तीनदा "ट्राय अगेन" आलं की तिथेच वॉचमनच्या वहीत नाव, वेळ लिहून त्याची सही घ्या आणि सुपरवायझरला मेसेज टाका. "दादा, मशीन घेत नाहीये, 6:54 ला आलोय" एवढं पुरे. त्या क्षणी लिहिलेल्या एका ओळीला महिन्यानंतरच्या पानभर खुलाशापेक्षा जास्त वजन असतं.

अंदाजाने वेळ लिहायची झाली तर "अंदाजे" असं लिहा. 7:10 ला आला असाल तर 6:55 लिहू नका. एक वेळ खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या वेळांवरचाही विश्वास जातो.

अर्ज किती दिवसांत द्यावा?

हजेरीची कट-ऑफ तारीख टाइम ऑफिसला विचारून ठेवा. कुठे महिना 1 ते 30 असतो, कुठे 21 ते 20. कट-ऑफच्या आधी दुरुस्ती झाली तर पगार कापलाच जात नाही. पगारपत्रकाची वाट बघू नका, हजेरीचा रिपोर्ट आधीच मागता येतो.

ती वेळ गेली तर पुढचा टप्पा 15 तारखेचा. मागच्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआयचा भरणा 15 तारखेपर्यंत करायचा असतो. ताईंनी 9 जुलैला अर्ज दिला आणि 11 ला दुरुस्ती झाली, त्यामुळे भरणा बरोबर दिवसांवर गेला. त्यानंतरही दुरुस्ती होते, पण थकबाकीचा वेगळा भरणा करावा लागतो आणि त्याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

पैसे मिळाले म्हणजे झालं ना? ईएसआयच्या दिवसांचा काय संबंध?

ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता मिळायला एका सहा महिन्यांच्या कालावधीत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, साधारणपणे 78 दिवसांची वर्गणी लागते. सतत कामावर असणाऱ्याला चार दिवसांनी फरक पडत नाही. पण बाळंतपणाहून किंवा मोठ्या आजारातून नुकत्याच परत आलेल्या बाईचे 76 दिवस भरले, तर तेच चार दिवस नडतात. दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्यातही वर्षात 240 दिवस काम झालं की दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. कागदावरचा खाडा तिथेही मोजला जातो. म्हणून नुसते पैसे नकोत, हजेरीच दुरुस्त करून मागा. "एरियर्स टाकले" असं सांगून कधीकधी रक्कम देतात आणि हजेरीत "A" तसाच ठेवतात.

दुरुस्ती झाल्याचं कसं तपासायचं?

तीन दिवस "P" झाले म्हणून समाधान मानू नका, रविवार बघा. सॉफ्टवेअरमध्ये तीन दिवस हाताने बदलले तरी मधला रविवार आपोआप सुधारत नाही. तो महिना "रीप्रोसेस" करावा लागतो, आणि ते राहून जातं. ताईंच्या बाबतीतही पहिल्या प्रिंटमध्ये 15 जूनला "A" तसाच होता. पुन्हा प्रोसेस केल्यावर तिथे साप्ताहिक सुट्टीचं "WO" आलं. मग पुढच्या पगारपत्रकात एरियर्सची ओळ आणि हजेरी भत्ता वेगवेगळा बघा, आणि रजेची शिल्लक मागच्या महिन्याशी ताडून बघा.

मी ठेकेदाराकडे आहे. अर्ज कोणाला?

दोघांना. पगार ठेकेदार देतो म्हणून मूळ अर्ज त्याला, आणि मशीन कंपनीच्या गेटवर आहे म्हणून प्रत कंपनीच्या एचआरला. लॉग कंपनीकडे असतो, ठेकेदाराकडे फक्त आकडे जातात. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, त्यामुळे प्रत घ्यायला एचआरने नकार देण्याचं कारण नाही.

एचआर अर्जच घेत नाही, किंवा उत्तर देत नाही. पुढे काय?

कागद द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का किंवा सही-तारखेची पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. आठ-दहा दिवसांनी पहिल्या अर्जाच्या तारखेचा उल्लेख करून स्मरणपत्र द्या. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समिती असायला हवी, तिथे लेखी तक्रार द्या.

कायदा इथे तुमच्या बाजूने स्पष्ट आहे. 1936 चा वेतन अदायगी कायदा असो की त्याची जागा घेणारी 2019 ची वेतन संहिता, गैरहजेरीसाठी जितका काळ माणूस खरोखर गैरहजर होता त्याच प्रमाणात कपात करता येते, त्याहून जास्त नाही. हजर असताना कपात झाली तर दावा करता येतो. जुन्या कायद्यात त्याची मुदत 12 महिने होती, संहितेत ती तीन वर्षं आहे. ठाणे, वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे हे सगळं ठाणे जिल्ह्यात येतं, म्हणून ठाण्याच्या कामगार कार्यालयात चौकशी करा. तळोजा एमआयडीसी मात्र रायगड जिल्ह्यात आहे, तिथल्यांनी आधी आपलं कार्यालय कोणतं ते विचारून घ्यावं, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

विभागातल्या सगळ्यांचंच असं झालंय. एकच अर्ज चालेल का?

बिघाडाची माहिती एका सामाईक पत्रात द्या, पण हजेरी दुरुस्तीचा अर्ज प्रत्येकाचा वेगळा असू द्या. प्रत्येकाची शिफ्ट, साप्ताहिक सुट्टी आणि कपात वेगळी असते, आणि दुरुस्तीची सही प्रत्येकाच्या फायलीत लागते. सामाईक पत्राचा खरा उपयोग तपासणीत होतो. एकाच्या नोंदी वीस मिनिटं पुढे दिसल्या तर शंका घेता येते. सगळ्यांच्या नोंदी बरोबर वीस मिनिटं पुढे दिसल्या की चूक घड्याळाची आहे हे टाइम ऑफिसला मान्य करावंच लागतं.